जोश्याविना लग्न

२५ डिसेंबर १८७३ ही तारीख पंचांगाशी ताडून पाहिली, तर ती पौषाच्या शुद्ध पक्षात येते. पौषात लग्न काढत नाहीत हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुठल्याही गावच्या जोश्याने त्या महिन्यात मुहूर्त काढून दिला नसता. पण त्या दिवशी पुण्यात एक लग्न लागलं. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई निंबणकर. राधाबाईची आई बजूबाई ही सावित्रीबाई फुल्यांची मैत्रीण. या लग्नात जोशी नव्हता, मुहूर्त नव्हता, दक्षिणा नव्हती. खर्च झाला तो आलेल्या माणसांना दिलेल्या पानसुपारीचा. सत्यशोधक समाजाने लावलेलं हे पहिलं लग्न, आणि समाज स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

सत्यशोधक समाज म्हटला की आपल्याला शाळा आठवतात, 'गुलामगिरी' आठवते, जोतिरावांचा तो पागोट्यातला फोटो आठवतो. लग्न सहसा आठवत नाही. पण समाजाचं सगळ्यात अवघड, सगळ्यात चिवट काम लग्नाच्या मांडवातच झालं असं मला वाटतं. व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखाच वागू शकतो. मुलीचं लग्न मात्र भाऊबंदांसमोर, साऱ्या गावासमोर लावावं लागतं, आणि त्याचं बरंवाईट त्या मुलीला जन्मभर भोगावं लागतं. तिथे जोश्याला नको म्हणायला नुसती पटलेली मतं पुरत नाहीत.

हे अवघड का होतं, ते कळण्यासाठी कुणब्या-माळ्याच्या घरात जोश्याचा पाय कुठे कुठे पडत असे ते पाहावं लागतं. जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पुरा केला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी ही मोजदाद केली आहे. मूल पोटात येण्याच्या आधीपासून ती सुरू होते. मुलगी न्हाती-धुती झाली की विधी. मूल जन्मलं की जन्मवेळ सांगून टिपण करायचं, आणि ग्रह वाईट निघाले तर जप आणि शांती. लग्न ठरवताना टिपणं जुळवायची, मग मुहूर्त, मग लग्न. नवं घर बांधलं की वास्तुशांती. वर्षाच्या सणांना वेगवेगळी दानं. ग्रहण लागलं की दान, तीर्थाला गेलं की तिथल्या भटाला दान. माणूस मेला की दहावा, बारावा, तेरावा, आणि त्यानंतर दरसाल श्राद्ध. एका शेतकऱ्याच्या आयुष्याची वाट मोजायची तर मैलाच्या प्रत्येक दगडापाशी हात पुढे करून कुणी ना कुणी उभं आहे, असं चित्र ते प्रकरण वाचताना डोळ्यांसमोर येतं.

एकेका वेळची रक्कम मोठी नसे. सुपारी, नारळ, शिधा, पैसा-दोन पैसे, एखादं धोतर. पण ती चुकवता येत नसे, हा तिचा खरा जाच. लग्नात तर ती पायरीपायरीने मागितली जाई. देवक बसवताना, पुण्याहवाचनाला, मंगलाष्टकं झाल्यावर, होमाला, आणि मांडव सुटताना. प्रत्येक पायरीला विधी थांबे आणि ताटात काहीतरी पडलं की पुढे सरके. वऱ्हाड उभं आहे, घटिकापात्र पाण्यात बुडायला आलं आहे, अशा वेळी घासाघीस करायची कुणाची छाती होणार?

या शूद्र म्हटल्या जाणाऱ्या घरांमध्ये वेदातले मंत्र म्हणतच नसत. त्यांना पुराणोक्त मंत्र. ज्या घरात आपण पाणी पीत नाही त्या घरचं लग्न लावायचं, वेदमंत्रांना ते लायक नाहीत असं मानायचं, आणि दक्षिणा मात्र पुरती घ्यायची. हा अपमान लोकांना कळत नव्हता असं नाही. कळत होता, पण पर्याय दिसत नव्हता. तिथीवार कोणता, मुहूर्त कधीचा, अंतरपाट कधी दूर करायचा, काय म्हणायचं, हे सगळं एका पोथीत होतं, आणि ती पोथी वाचता येणारा माणूस गावात एकच होता.

इथे एका गोष्टीबद्दल सावध राहायला हवं. शेतकरी लग्नकार्यातल्या उधळपट्टीनेच कर्जबाजारी झाला, असं त्या काळी इंग्रज अधिकारी आणि शहरातले शहाणे सर्रास बोलत. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा उठला, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खातेवह्या-रोखे जाळले. त्यानंतर नेमलेल्या सरकारी आयोगाने कर्जाची कारणं तपासली. लग्नखर्चाला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे, असं त्या आयोगानेच नोंदवलं. सारा, व्याज आणि बुडालेली पिकं यांचं ओझं मोठं होतं. जोतिरावांनाही हे ठाऊक होतं. 'असूडा'च्या पुढच्या प्रकरणांत ते साऱ्याबद्दल, अंमलदारांच्या लाचेबद्दल आणि कोर्टकचेऱ्यांबद्दल तितक्याच रागाने लिहितात. मग लग्नातल्या दक्षिणेवर त्यांचा एवढा रोख का? कारण सारा माफ करणं शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. जोश्याला न बोलावणं मात्र त्याच्या हातात होतं.

म्हणजे, हातात असायला हवं होतं.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात साठेक माणसं जमली आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतिराव अध्यक्ष आणि खजिनदार, नारायणराव गोविंदराव कडलक चिटणीस. समाजाच्या सभा डॉ. विश्राम रामजी घोले यांच्या घरी भरत. देव एक, सगळी माणसं त्याची लेकरं, आणि लेकराने आईबापाला भेटायला मधला दलाल कशाला हवा, हा समाजाचा गाभा. ज्या देवाने सारं निर्माण केलं त्याला जोतिराव निर्मिक म्हणत.

याच्या आधीही पश्चिम भारतात जातिभेदाविरुद्ध मंडळ्या निघाल्या होत्या. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस मंडळी सुरू केली. जात मानायची नाही, असा तिथला नेम होता, आणि पावाचा तुकडा खाऊन तो पाळला जाई, कारण परजातीच्या हातचा पाव खाणं म्हणजे तेव्हा जात बुडणं. पण हे सगळं बंद दाराआड चाले. पुरेसे लोक झाल्यावर उघड व्हायचं असा त्यांचा बेत. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. तिच्यातल्या काहींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाज काढला. ही माणसं भली होती, शिकलेली होती आणि त्यांनी विधवाविवाहासाठी, शिक्षणासाठी पुष्कळ केलं. पण बंद खोलीत पाव खाण्याने कुणब्याच्या मांडवातला जोशी हलणार नव्हता. सत्यशोधकांनी उलटं केलं. पहिल्या दिवसापासून जे केलं ते चव्हाट्यावर केलं, आणि त्यासाठी लग्नाइतकी उघडी जागा दुसरी नव्हती.

आता जोशी नाही तर लग्न लावायचं कसं? सत्यशोधकांपुढचा पहिला प्रश्न अगदी रोकडा होता. मांडवात शंभर माणसं बसली आहेत, वधू-वर समोरासमोर उभे आहेत, आणि कोणी काय म्हणायचं?

जोतिरावांचं उत्तर साधं होतं आणि म्हणूनच भक्कम. मंगलाष्टकं मराठीत लिहायची. ती छापायची. मांडवातल्या ज्याला वाचता येतं त्याने ती म्हणायची. १८८७ साली त्यांनी समाजाची मंगलाष्टकं आणि पूजाविधी यांचं पुस्तक काढलं. पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त लग्नाचा आणि मृत्यूनंतरचा विधी पुन्हा दिला. १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता, तेव्हा ते पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. ते छापून निघालं १८९१ साली, त्यांच्या मागे.

या मराठी मंगलाष्टकांत एक गोष्ट अशी आहे जी जुन्या विधीत कुठेच नव्हती. वधू बोलते. संस्कृत मंत्रांच्या लग्नात मुलगी खाली मान घालून उभी असे, तिच्या वतीने बाप दान करी, वर स्वीकारी आणि जोशी बोले. सत्यशोधक लग्नात वर आणि वधू एकमेकांना उद्देशून म्हणतात. स्त्रियांना हक्क नाकारले गेले, ते तू मानशील का, असं वधू विचारते आणि वर तिला शब्द देतो. मग एकमेकांच्या गळ्यात माळा. साक्षीला मांडवातली माणसं. दक्षिणेचे जे पैसे वाचतील त्यांतून पोरक्या मुलांना, आंधळ्या-पांगळ्यांना जमेल ते द्यावं, अशी सूचना.

यातली 'ज्याला वाचता येतं त्याने म्हणायची' ही अट पुन्हा पाहा. तिच्यासाठी गावात ब्राह्मणेतर घरातला, वाचता येणारा एक तरी पोरगा हवा. १८४८ पासून जोतिराव आणि सावित्रीबाई शाळा चालवत होते, त्या शाळांचा आणि या लग्नांचा असा थेट संबंध आहे. शिवाय पुस्तक छापायला छापखाना हवा. समाजाला छापखाना मिळाला तो मुंबईतल्या तेलुगू कंत्राटदारांकडून. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार ही त्यांतली नावं. कामाठीपुऱ्यातल्या, बांधकामावर मजूर पुरवून वर आलेल्या या माणसांनी बाराशे रुपयांचा छापखाना समाजाला दिला. पुण्याच्या माळी-कुणब्यांच्या चळवळीला मुंबईचे तेलुगू कंत्राटदार एवढा पैसा देतात, हे मला आजही नवलाचं वाटतं. १८७७ च्या जानेवारीत कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' हे पत्र सुरू केलं, पुढे ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती गेलं. गावोगावच्या जोश्याविना लागलेल्या लग्नांच्या बातम्या लोकांपर्यंत जायला आता स्वतःचं पत्र होतं.

लग्न लागू नये म्हणून काय काय होई? शिव्याशाप तर ठरलेलेच. जोश्याविना लागलेलं लग्न टिकणार नाही, मूल जगणार नाही, घरावर संकट येईल. ज्या काळी पाच मुलांतली दोन-तीन अशीच दगावत, त्या काळी हा शाप फुकट जात नसे. घरात पहिलं मूल गेलं की शेजारपाजारचे जोश्याची आठवण काढणारच. दुसरी कोंडी भाऊबंदांची. बाहेरच्या भटापेक्षा घरातला चुलता, मामा जास्त अडवी, कारण त्यालाही आपल्या मुली उजवायच्या होत्या. तिसरी सावकाराची, कुलकर्ण्याची. ज्याच्याकडे जमिनीचा कागद आहे त्याला दुखवून मांडव घालायचा म्हणजे पोटावर पाय.

७ मे १८७४ रोजी समाजाचं दुसरं लग्न झालं. वर हडपसरचे ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे, वधू पर्वतीच्या नारायणराव विठोजी शिंद्यांची मुलगी काशीबाई. या लग्नाला पुण्याच्या पुरोहितांनी आणि नात्यातल्या माणसांनीही विरोध केला, आणि ते पोलिसांच्या बंदोबस्तात लावावं लागलं. या ज्ञानोबांचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत.

आता जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला जाऊ. कारण या सगळ्या भांडणाचं खरं मूळ जिथे उघडं पडलं ते हे गाव.

जोश्याचा हक्क केवळ श्रद्धेचा मामला होता असं समजलं तर ओतूर कळणार नाही. दख्खनच्या खेड्यात जोशी हा बलुतेदारांपैकी एक. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्यासारखंच सुगीच्या वेळी त्याला धान्याचं बलुतं मिळे, आणि लग्नकार्याचे पैसे वेगळे. हे ग्रामजोशीपण म्हणजे वतन. पाटलाचं पाटीलकीचं वतन, कुलकर्ण्याचं कुलकर्णाचं वतन, तसं जोश्याचं जोशीपणाचं. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटलं जाई. गावातलं प्रत्येक घर त्या वतनाच्या चतुःसीमेत येई, जसं शेत यावं तसं. या घराला यजमान म्हणत, आणि यजमान ही जणू जोश्याची मिळकत होती.

इंग्रजी न्यायालयांनी हे वतन मालमत्तेसारखं मानलं. दुसऱ्या भटाने येऊन गावात लग्न लावलं आणि दक्षिणा घेतली, तर ग्रामजोशी त्याच्यावर फिर्याद करी आणि पैसे वसूल करून घेई. इथवर न्यायालयांपुढे भांडण होतं ते भटा-भटातलं. दोघांपैकी दक्षिणा कुणाची, एवढाच प्रश्न. पण ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली घरचं लग्न सत्यशोधक पद्धतीने लावलं तेव्हा प्रश्नच बदलला. त्यांनी दुसरा भट आणला नव्हता. त्यांनी कुणालाच आणलं नव्हतं.

ग्रामजोशी वामन जगन्नाथ जोशी न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मागणी चुकीची वाटणारी नव्हती. वतन माझं, लग्न माझ्या गावात लागलं, माझी दक्षिणा बुडाली, ती भरून द्या. पण तिला कबुली दिली असती तर त्याचा अर्थ भयंकर होता. माणूस आपल्या मुलीचं लग्न कसं लावेल हे त्याने ठरवायचं नसून, गावच्या जोश्याने आणि न्यायालयाच्या बेलिफाने ठरवायचं, असा तो अर्थ. सेवा न घेताही तिची किंमत मोजायची. म्हणजे दक्षिणा हा एक करच.

एवढ्याशा रकमेच्या दाव्यासाठी खालच्या कोर्टापासून वरच्या कोर्टापर्यंत वर्षानुवर्षं भांडावं लागलं. जुन्नरच्या भागात समाजाची मुळं घट्ट होती, ओतूरचे डुंबरे पाटील या चळवळीचे मोठे आधारस्तंभ, म्हणून बाळाजी पाटील एकटे पडले नाहीत. एखाद्या गरीब कुणब्याने पहिल्या समन्सालाच हात टेकले असते आणि दक्षिणा देऊन मोकळा झाला असता. १८८६ च्या मार्चात जोतिरावांनी ग्रामजोश्यांसंबंधी एक जाहीर खबर छापून काढली, यावरून हा प्रश्न त्यांना किती जिव्हारी लागला होता ते दिसतं. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल बाळाजी पाटलांच्या बाजूने लागला. ज्याने जोश्याला बोलावलंच नाही, त्याच्याकडून जोश्याला पैसे मागता येणार नाहीत. हा निकाल आला तेव्हा जोतिरावांची अखेरची वर्षं चालू होती.

एका निकालाने वतनं संपत नाहीत. गावोगाव जोशी जुने हक्क सांगत राहिले, आणि सत्यशोधकांना पुढची कित्येक वर्षं हेच भांडण नव्याने भांडावं लागलं. १९२६ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने कायदाच केला तेव्हा कुठे न घेतलेल्या सेवेबद्दल दक्षिणा मागण्याचा हक्क कागदोपत्री पुसला गेला. पहिल्या पौषातल्या लग्नापासून मोजलं तर त्रेपन्न वर्षं लागली.

या लग्नांना काय साधलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. पुरोहित मांडवातून गेला, पण जात मांडवातच राहिली. माळ्याची मुलगी माळ्याच्या घरी, मराठ्याची मराठ्याच्या घरी. समाजाच्या सभासदत्वाला जातीची अट नव्हती, सगळ्या जातींना दार उघडं होतं. पण सभेला एका सतरंजीवर बसणं वेगळं आणि सोयरीक वेगळी. खर्चाचंही तसंच. दक्षिणा वाचली तरी मानपान, जेवणावळी, आहेर यांना भाऊबंदकीचा रेटा होता, आणि तो जोशी गेल्याने कमी झाला नाही. पहिल्या लग्नासारखी निव्वळ पानसुपारी पुढे फार थोड्यांना साधली.

पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात ही वाट आणखी वळली. वेदोक्ताच्या वादानंतर महाराजांनी मराठा मुलांना विधी शिकवणारी शाळा काढली आणि ब्राह्मणेतर पुरोहित तयार केले. ब्राह्मणांची मक्तेदारी त्याने मोडली हे खरं. पण जोतिरावांना मधला माणूसच नको होता, आणि इथे मधला माणूस राहिला, फक्त त्याची जात बदलली. हा फरक छोटा नाही. आज एखाद्या लग्नात 'आमच्याकडे आमच्याच समाजाचे गुरुजी असतात' असं अभिमानाने सांगतात, तेव्हा मला हा फरक आठवतो.

जातीची भिंत खरोखर ओलांडली गेली ती जोतिरावांच्या स्वतःच्या घरात. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगा. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला. अशा विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरात सोय केली होती, तिथेच त्याचा जन्म झाला. अशा मुलाला मुलगी देणार कोण? समाजाचं काम करणाऱ्या घरांनाही ते सोपं नव्हतं. मुलगी दिली ती हडपसरच्या ज्ञानोबा ससाण्यांनी. पोलिसांच्या बंदोबस्तात ज्यांचं लग्न लागलं होतं तेच ज्ञानोबा. आपली मुलगी राधा त्यांनी यशवंताला दिली आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न लागलं. राधाचं सासरचं नाव लक्ष्मी. अर्धांगाने खिळलेले जोतिराव त्या लग्नाला होते.

पुढच्या वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. राहत्या वस्तीत पुरता येणार नाही म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली. म्हणून दहन करायचं ठरलं. प्रेतयात्रा निघायच्या वेळी टिटवं कोणी धरायचं यावरून पुतण्यांनी वाद घातला. यशवंत दत्तक, त्यातून ब्राह्मणीच्या पोटचा, त्याला हक्क नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं त्यांनी आपल्या हातात घेतलं, सगळ्यांच्या पुढे चालत स्मशानापर्यंत गेल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला.